आलेल्या वाटेचा पत्ता

पूर्णेच्या आक्कांनी बोलायला सुरुवात करण्याआधी एकच अट घातली होती.

"माझं नाव लिवा न्हाईतर नका लिवू, माझं काई न्हाई. पर तिचं नाव कुटं येऊ देऊ नका. ती अजून त्याच घरात ऱ्हायलीय."

सर म्हणाले, "नाही येणार, आक्का. शब्द देतो."

मी सरांच्या शेजारी चटईवर बसले होते. आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मीही मान हलवली. शब्द दोघांनी दिला होता, असंच मी तेव्हापासून धरते.

सर म्हणजे परभणीच्या एका शाळेतून निवृत्त झालेले मराठीचे शिक्षक. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वर्षांत ते ऐन तिशीत होते, मोर्चात होते, काही दिवस कोठडीतही होते. निवृत्तीनंतर त्यांनी एकच काम हाती घेतलं. जिल्ह्यातल्या गावागावांत फिरून त्या वर्षांच्या आठवणी गोळा करायच्या. ज्यांची घरं जळाली त्यांच्या, ज्यांनी पाहिलं त्यांच्या, आणि कुणी बोललंच तर ज्यांनी काही केलं त्यांच्याही. बोरीच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसली तरी खांद्याला टेप लटकवून ते उभ्यानं जायचे.

मी परभणीतल्याच एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे. सरांना या आठवणींची वेबसाइट करायची होती. कुणीतरी त्यांना माझं नाव सुचवलं. पहिल्या भेटीत मी सांगून टाकलं की आमचं घर शेतकऱ्याचं, जमीनवाल्यांचं. ती वर्षं मी शाळेत होते, आणि जेवताना एकदा 'नामांतर म्हणजे काय?' असं विचारलं तर वडील म्हणाले होते, 'गुमान जेव.' त्यापलीकडे मला काही माहीत नाही. सर हसले. "म्हणजे तुम्हीपण एक आठवण दिलीत की," म्हणाले, आणि ती वहीत लिहून घेतली.

टेपवरचं बोलणं कागदावर उतरवायचं काम पिंगळीच्या एका बाई करायच्या. आक्कांच्याच समाजातल्या; अंगणवाडीत होत्या, नवरा वारलेला. अक्षर मोत्यासारखं आणि कान त्याहून तेज. माणसं बोलतात तसंच्या तसं उतरवायच्या, 'न्हाई'चं 'नाही' करायच्या नाहीत. सर त्यांच्यावर फार विसंबून असत.

आक्कांची हकिकत मी तेव्हा ऐकली आणि नंतर बाईंच्या अक्षरात वाचली. आक्का तेव्हा वीस वर्षांच्या, जिंतूर तालुक्यातल्या एका गावात राहायच्या. नवरा रेल्वेच्या कामावर पूर्णेला. पोर चार महिन्यांचं. नामांतराचा ठराव झाल्याची बातमी आली त्याच पावसाळ्यात एका दुपारी जमाव त्यांच्या वस्तीत शिरला. छपरं पेटली. आक्का पोराला पोटाशी धरून मागच्या बाजूनं पळाल्या आणि पळता पळता ज्यांच्या शेतात त्या खुरपायला जात त्यांच्याच घराच्या परसात येऊन पोचल्या. मागचं दार त्या घरच्या थोरल्या सुनेनं उघडलं. ती आक्कांच्याच वयाची. दंडाला धरून आत ओढलं आणि धान्य साठवायच्या अंधाऱ्या खोलीत, बळदात, दोघांना बसवलं. पोर रडू नये म्हणून फडक्यात गुळाचा खडा बांधून त्याच्या तोंडात दिला.

थोड्या वेळानं तिचा दीर घरी आला. तो त्या जमावात होता. ओसरीवर बसून त्यानं पाणी मागितलं. तिनं नेऊन दिलं.

"मला तेचा आवाज ऐकू यायलता," आक्का सांगत होत्या. "हातापायाला रॉकेलचा वास यायला म्हनून राख मागितली त्यानं हात घासायला. तिनं राख दिली. आन् मी भिंतीच्या पल्याड."

दिवस कलल्यावर त्या सुनेनं त्यांना उसाच्या फडातून वाटेला लावलं, पदरात दोन भाकरी बांधून. ही गोष्ट तिनं कधी कुणाला सांगितली नाही. नवऱ्यालाही नाही. पुढं तो वारला. दीर मात्र अजून होता, म्हातारा, घरातला कर्ता. दोघी बायकांची गाठ खूप वर्षांनी पूर्णेच्या बाजारात पडली. तेव्हापासून गुडघ्याच्या औषधाचं निमित्त करून ती वर्षातून एकदा पूर्णेला यायची आणि आक्कांच्या घरी तासभर बसायची. तासभर काय बोलता, असं सरांनी विचारलं. आक्का म्हणाल्या, "काई न्हाई. च्या पितो."

आता माझ्या कामाकडे येते.

सरांचा नेम असा होता की आठवण जगासमोर ठेवण्याआधी सांगणाऱ्याला वाचून दाखवायची. तोवर मसुद्यात खरी नावं ठेवायची, म्हणजे कोण कुठला यात चूक राहत नाही. सांगणाऱ्यानं होकार दिला की नावं काढायची, गावाची खूण पुसायची, मग पान खुलं करायचं. हे कच्चे मसुदे मी त्याच साइटवर एका बाजूला ठेवले होते. पासवर्ड सरांच्या लक्षात राहत नसे. दोनदा विसरले, तिसऱ्यांदा मीच कंटाळले. म्हणून मी सोपी युक्ती केली. प्रत्येक मसुद्याच्या पत्त्याच्या शेवटी अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक किल्ली जोडली. तो पत्ता ज्याच्याकडे असेल त्याला पान दिसेल, दुसऱ्या कुणाला तो पत्ता सुचणंच शक्य नाही. सरांना मी फोनवर पाठवलेला पत्ता दाबला की पान उघडायचं. ते खूश होते.

त्याच पानाच्या तळाशी मी आणखी एक शहाणपण केलं होतं. 'गावाविषयी' असं लिहून त्या गावाच्या वेबसाइटची लिंक दिली होती. गावातला एक जण पुण्यात नोकरीला होता, त्यानं हौसेनं गावाची साइट केली होती. देवळाचे फोटो, जत्रेच्या तारखा, शाळेचा इतिहास, शिवारांची नावं. सरांना ओढ्याची, शिवाराची नावं ताडून बघायला ती उपयोगी पडे.

एके दिवशी सरांनी आक्कांचा मसुदा उघडला आणि उसाचा फड कोणत्या शिवारात हे बघायला ती लिंक दाबली. त्यांनी केलं ते एवढंच.

आठ-दहा दिवसांनी सरांचा मला फोन आला. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"मॅडम, त्या घरी कळलंय."

"कोणत्या घरी, सर?"

"आक्कांना लपवलं त्या घरी. घरातल्या माणसाचा फोन होता. आमच्या म्हातारीचं नाव तुम्ही लिहिलंय, काढून टाका, म्हणाला. शब्दन् शब्द माहीत होता त्याला. गुळाचा खडासुद्धा."

"कसं कळलं म्हणाला?"

"विचारलं मी. 'आलंय आमच्यापर्यंत' म्हणाला आणि फोन ठेवला."

मी त्यांच्या घरी गेले. सर पलंगावर बसले होते, समोर टेपचा डबा उघडा. मग हळूच म्हणाले, "ही टेप किती जणांनी ऐकली? तुम्ही, मी आणि पिंगळीच्या बाई."

मी मान हलवली.

"बाईंचं माहेर त्या गावापासून कोसभरावर आहे," सर म्हणाले. "मुद्दाम नसेल सांगितलं. माहेरी गेल्यावर बोलता बोलता निघून गेलं असेल. माणूसच आहे. पण मला आक्कांना तोंड दाखवायचंय."

तेव्हासुद्धा माझ्या मनात साइटचं काही आलं नव्हतं, हे मला शपथेवर सांगता येईल. पण त्याच दुपारी कॉलेजच्या लॅबमध्ये बसून मी साइटची नोंदवही उघडली. कोण कधी कोणतं पान उघडतं याची एक-एक ओळ सर्व्हरवर आपोआप लिहिली जाते. वेळ, कोणतं पान, मागणाऱ्या यंत्राचा पत्ता, आणि तो कुठून आला.

आक्कांच्या मसुद्याच्या ओळी मी शोधून काढल्या. एका सकाळी सरांच्या घरून तो उघडला गेला होता. ती ओळ साधी होती. त्याच दिवशी दुपारी तेच पान, तीच किल्ली, पण यंत्र वेगळं. आणि 'कुठून' या रकान्यात त्या गावाच्या साइटचा पत्ता. साइटच्या मुखपृष्ठाचा नव्हे. साइट चालवणाऱ्याला आत जाऊन आकडेवारी बघता येते त्या पानाचा.

मला सगळं समजायला अर्धं मिनिटही लागलं नाही, कारण मी हे दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवत होते.

आपण एका पानावरची लिंक दाबतो तेव्हा ब्राउझर पुढच्या साइटकडे नवीन पान मागतो. मागताना तो न विचारता आणखी एक गोष्ट सांगतो: हा माणूस अमुक पानावरून आला. आताचे ब्राउझर परक्या साइटला सहसा नुसतं साइटचं नाव सांगतात. तेव्हा तसं नव्हतं. आमच्यासारख्या साध्या साइटवरून पूर्ण पत्ता जायचा, शेवटच्या अक्षरापर्यंत. म्हणजे सरांनी लिंक दाबली त्या क्षणी माझ्या कुलपाची किल्ली आम्ही स्वतःच्या हातानं त्या गावाच्या साइटला नेऊन दिली होती. पुण्यातल्या माणसानं आपल्या साइटवर पाहुणे कुठून आले याची यादी बघितली, त्यात एक अनोळखी लांब पत्ता दिसला, त्यानं दाबला, आणि पान उघडलं. त्यानं काही फोडलं नव्हतं, काही चोरलं नव्हतं. आणि तो त्याच्या यादीवरून आला म्हणून त्याच्या यादीचा पत्ता माझ्याकडे नोंदला गेला. ज्या रस्त्यानं आमचं गुपित गेलं त्याच रस्त्यानं त्याचा माग माझ्याकडे आला होता.

पुढच्या ओळी आणखी वाईट होत्या. संध्याकाळपासून तेच पान सहा-सात वेगवेगळ्या ठिकाणांहून उघडलं गेलं होतं, आणि त्या ओळींत 'कुठून'च्या जागी नुसती आडवी रेघ होती. फोनवरच्या निरोपात आलेला पत्ता दाबला की अशी रेघ येते. म्हणजे त्यानं तो कुणाला तरी पाठवला होता आणि तो हातोहात त्या घरापर्यंत पोचला होता.

यावरचा उपाय मला पाठ होता. लिंक लिहिताना तिच्यात एक शब्द घालायचा, नोरेफरर. दहा इंग्रजी अक्षरं. तो शब्द असला की ब्राउझर पुढच्याला पान मागतो, पण आपण कुठून आलो ते सांगत नाही. मी हा प्रश्न परीक्षेत दोन मार्कांना टाकायचे. वर्गात एक गंमतही सांगायचे की ब्राउझर जी माहिती पाठवतो तिच्या नावात मूळ लिहिणाऱ्यानं एक अक्षर गाळलं आणि ती चूक जगानं तशीच चालू ठेवली. लिंकमधल्या शब्दात मात्र स्पेलिंग बरोबर आहे, म्हणून दोन्ही घोकताना सावध राहा. मुलं हसायची. मीही हसायचे.

आणि खरं तर ती दहा अक्षरं घातली असती तरी ते अर्धंच शहाणपण झालं असतं. ज्या पानात कुणाचा जीव अडकलाय ते पान निव्वळ पत्त्याच्या भरवशावर उघडं ठेवायचंच नसतं. पत्ता हा पत्ता असतो, तो कुठंही सांडतो. हेही मी शिकवायचे.

मग मी जे केलं ते सांगते, कारण ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे. मी आधी सगळ्या मसुद्यांना पासवर्ड लावला. प्रत्येक लिंकमध्ये तो शब्द घातला. गावाच्या साइटची लिंक पानावरून काढून टाकली. हे सगळं वीस मिनिटांत झालं. मग मी कॉम्प्युटर बंद केला, लॅबला कुलूप लावलं आणि घरी गेले. सरांना फोन केला नाही.

पहिल्या दिवशी मी स्वतःला सांगितलं की उद्या नीट समजावून सांगू, फोनवर सरांना कळणार नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजात तपासणी होती. तिसऱ्या दिवशी सरांचाच फोन आला. म्हणाले, पिंगळीहून उरलेल्या टेप घेऊन आलो. बाईंना काही बोललो नाही, सध्या काम थांबवलंय एवढंच सांगितलं.

"त्या काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काही नाही. टेपवरची धूळ पुसून, पिशवीत घालून दिल्या."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. तोंडात वाक्य तयार होतं. 'सर, बाईंचा काही संबंध नाही.' पाचच शब्द. मी म्हणाले, "बरं, सर." माझ्या मनात काय चाललं होतं ते मला आजही स्वच्छ आठवतं. जमीनवाल्याच्या घरची मुलगी, तिच्यावर विश्वास टाकला आणि तिच्याच हातून हे झालं, असं लोक म्हणतील. ते मला नको होतं. आणि ते नको होतं म्हणून मी एका विधवा बाईला चहाडखोर ठरू दिलं. तेही तिच्या स्वतःच्याच माणसांत.

असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी वर्गात तोच धडा आला. मी फळ्यावर दोन खोके काढले, एकातून दुसऱ्याकडे बाण काढला, आणि बाणावर लिहायला खडू उचलला. न लिहिताच तो खाली ठेवला. मुलांना वाटलं मॅडमना बरं नाही. तास सोडून मी स्टेशनवर गेले आणि मिळाली त्या पॅसेंजरनं पिंगळीला उतरले.

बाई अंगणवाडीतून नुकत्याच आल्या होत्या. तांदूळ निवडत होत्या. मला पाहून उठल्या, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. लिंक, पत्ता, किल्ली, नोंदवही. त्यांना तांत्रिक भाग किती कळला ठाऊक नाही, पण त्यांनी मध्ये एकदाच विचारलं.

"म्हंजे आपण कुण्या घरून निगालो ते दारात गेल्या गेल्या सांगून टाकतं ते यंत्र?"

"हो. सांगू नको म्हणायची सोय असते. मी म्हणाले नाही."

"आन् हे तुमाला कधी कळलं?"

मी खाली बघितलं. "आठ दिवस झाले."

बाहेरून एक मालगाडी गेली, ती संपेपर्यंत त्या खडे वेचत राहिल्या.

"सरांनी मला विचारलं न्हाई," त्या म्हणाल्या. "तेचं मला लय लागलं. विचारलं असतं तर मी न्हाई म्हणले असते आन् मिटलं असतं. पर त्यांना खात्री नव्हती, म्हनून विचारलं न्हाई. तुमाला तर खात्री व्हती, मॅडम."

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली. होकार की नकार ते मला समजलं नाही. निघताना त्या दारापर्यंत आल्या, कारण पाहुण्याला दारापर्यंत पोचवायची त्यांची रीत होती.

तिथून मी थेट सरांकडे गेले. नोंदवहीची पानं छापून नेली होती. सरांनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली, बोट फिरवत, जसं मुलांची वही तपासावी.

"म्हणजे लिंक मीच दाबली," ते म्हणाले.

"सर, तुमची काही चूक नाही. लिंक दाबायलाच असते. ती कशी लिहायची ते माझं काम होतं."

"आणि हा कागद किती दिवसांचा?"

मी खरं सांगितलं. सर ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "मी बाईंवर संशय घेतला. आयुष्यभर ज्या गोष्टीविरुद्ध बोललो, तीच केली. पुराव्याशिवाय माणसाला दोषी ठरवून टाकलं. तुमच्यापेक्षा माझं ओझं कमी नाही." मग उठून सदरा घातला. त्याच वेळी ते पिंगळीला गेले. बाईंनी त्यांचं ऐकून घेतलं, चहा दिला. टेप मात्र परत घेतल्या नाहीत. पुढं कधीच घेतल्या नाहीत. सरांनी दुसरा एक जण शोधला. तो 'न्हाई'चं 'नाही' करून आणायचा.

पुण्यातल्या माणसाला मी स्वतः फोन केला. त्याच्या साइटवर त्याचा नंबर होता. मी कोण ते सांगितल्यावर तो आधी चढ्या आवाजात बोलला, मग एकदम खाली आला.

"मला काय माहीत, मॅडम? यादीत पत्ता दिसला म्हणून दाबला. वाटलं, कुणीतरी आपल्या गावाबद्दल चांगलं लिहिलंय. उघडलं तर आमच्याच थोरल्या आजीचं नाव, आजोबांच्या वहिनीचं."

"मग घरी का पाठवलंत?"

"त्या दुपारी माझे आजोबा काय करून आले होते ते मला तोवर माहीत नव्हतं. मला वाटलं, हे खोटं आहे असं वडील म्हणतील. म्हणून त्यांना पाठवलं. त्यांनी सगळ्यांना पाठवलं."

"खोटं आहे म्हणाले का?"

"नाही. कुणीच नाही म्हणालं. आजोबा काहीच बोलले नाहीत. आणि थोरल्या आजीला विचारलं तर ती म्हणाली, 'हो, मी ठेवलं बळदात. मग काय करायचं होतं?'"

म्हातारीला कुणी मारलं नाही, घराबाहेर काढलं नाही. पण त्या दिवसापासून दिराच्या धाकानं घरात कुणी तिच्याशी बोलेना. सुना ताट सरकवून जायच्या. दोन महिन्यांनी तिची मुलगी येऊन तिला आपल्या गावी घेऊन गेली, दुसऱ्या जिल्ह्यात. हे त्यानंच पुढं एकदा फोन करून सांगितलं. "तिनंच मला लहानाचं मोठं केलंय," म्हणाला. त्याच्यावर रागवायचा अधिकार मला नव्हता.

राहिल्या आक्का. सर आणि मी मिळून पूर्णेला गेलो. आक्कांना बातमी आधीच कळली होती. त्या वर्षी गुडघ्याच्या औषधाला कुणी आलं नव्हतं. मी सांगायला सुरुवात केली तेव्हा सर मध्ये बोलायला लागले, तर आक्कांनी हातानं थांबवलं. "तिला बोलू द्या."

मी सांगून संपवलं. आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"तुमी जाणून न्हाई केलं," त्या म्हणाल्या.

"पत्ता गेला तो जाणून नाही. आठ दिवस गप्प बसले ते जाणून."

"ते त्या पिंगळीच्या बाईचं. तेचं तिनं बघावं." मग म्हणाल्या, "माझं म्हननं येगळं हाय. मी बोलायलाच नको व्हतं. इतकी वर्सं तिनं तोंड शिवून ठिवलं, आन् मला सांगायची हौस आली. सरांनी विचारलं, मला बरं वाटलं, आपलं बी कुणी लिवून घ्यायलंय म्हनून. मीच दार उघडलं."

"आक्का, असं नका म्हणू," सर म्हणाले.

"मग कसं म्हनू?"

त्यांनी एवढंच सांगितलं की ते पान आता कुठंच नको. नाव काढून नाही, गाव बदलून नाही, कसंच नाही. मी त्यांच्यासमोर ते पुसलं आणि सर्व्हरवरची जुनी प्रतही पुसली हे त्यांना शब्दानं सांगितलं. माझ्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला की नाही ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. टेप सरांनी त्यांच्या हातात दिली. सरांची साइट पुढं उभी राहिली, लोकांनी वाचली, त्यात चाळीसेक आठवणी आहेत. बळदाची नाही. मी आज इथं ती लिहिते आहे ती आक्कांनी वर्षभरापूर्वी, ओळख पटेल असं सगळं बदलून, लिहायची परवानगी दिली म्हणून. त्या दोघी ज्या गावच्या होत्या ते गाव जिंतूर तालुक्यात नाही, आणि तिनं बाळाला दिलं तेही गूळ नव्हतं.

त्या दोघींची नंतर भेट झाली नाही. मुलीच्या घरचा नंबर मला पुण्याच्या माणसानं दिला होता. तो मी बरेच दिवस डायरीत ठेवला. सगळ्यांना सांगून झालं होतं; जिचं सगळ्यात जास्त गेलं तिलाच सांगायचं राहिलं होतं. एका रविवारी सकाळी फोन लावला. बरीच रिंग वाजल्यावर एका म्हाताऱ्या बाईनं उचलला.

"कोन बोलायलंय?"

मी माझं नाव सांगायला तोंड उघडलं. नाव सांगून पुढं काय, ते मला सुचेना. तिला पान म्हणजे काय, लिंक म्हणजे काय, पत्ता कसा सांडतो हे कसं सांगायचं?

"कोन हाय, माय? कुठून बोलायलीस?" तिनं परत विचारलं. आवाजात राग नव्हता.

मी म्हणाले, "चुकून लागला, आजी," आणि फोन ठेवला. परत लावला नाही.